तेरीज जुळली नाही म्हणजे पैसे गेले असं नाही



आज वही-पेन जवळ घेऊन बसा. चुलीवर काही असेल तर ते आधी उतरवून ठेवा, कारण आज हिशेबाचं बोलायचंय आणि मध्येच उठलात तर धागा सुटेल.

एप्रिलचा पहिला आठवडा होता. सकाळी सातलाच एका गटाच्या कोषाध्यक्ष ताईंचा फोन आला. आवाज रडवेला. म्हणाल्या, "ताई, रात्री अकरापर्यंत बसून वर्षाची तेरीज मांडली. एक हजार नऊशे दहा रुपयांचा फरक येतोय. उद्या ग्रामसंघात कागद द्यायचेत. बाकीच्या बायका कळण्याआधी मी दुधाच्या पैशातून घालून टाकू का?"

मी म्हटलं, "ताई, एक रुपयाही घालू नका. आधी मला सांगा, पेटीतली रोकड मोजली का?"

"मोजली ना. १,२४० आहेत. रोकडवहीतही १,२४०च आहेत."

"आणि बँकेचं पासबुक?"

"त्यात ३८,३६०. आपल्या वहीतही तेवढेच."

मग मी म्हटलं, "पेटी जुळली, बँक जुळली, तर तुमच्या हातून पैसे गेले असं या फरकावरून म्हणता येत नाही. फरक वहीत आहे. मी दुपारी येते."

मैत्रिणींनो, त्या ताईंनी पैसे घातले असते तर काय झालं असतं बघा. त्यांनी १,९१० रुपये गुपचूप पेटीत टाकले असते, तर पेटीत ३,१५० आणि वहीत १,२४०. म्हणजे जी पेटी जुळत होती तीही बिघडली असती. आणि रीतसर वहीत लिहून टाकले असते, तर रोकड १,९१०ने वाढली असती आणि त्यांच्या नावाची जमाही १,९१०ने वाढली असती. दोन्ही बाजू सारख्याच वाढल्या, म्हणजे फरक होता तिथेच राहिला असता. स्वतःचे पैसे घालून तेरीज जुळत नाही.

ही तेरीज म्हणजे काय, ते आधी सरळ समजून घेऊ. आपण रोजचा व्यवहार रोकडवहीत लिहितो. मग तिथून तो खतावणीत ज्याच्या त्याच्या पानावर चढवतो. बचतीचं पान, प्रत्येकीच्या कर्जाचं पान, व्याजाचं पान, स्टेशनरीचं पान. वर्ष संपलं की प्रत्येक पानाची बाकी काढायची आणि एका कागदावर उतरवायची, नावे बाकी एका बाजूला, जमा बाकी दुसऱ्या बाजूला. हा कागद म्हणजे तेरीज. दोन्ही बेरजा सारख्या यायला हव्यात.

का सारख्या? कारण प्रत्येक व्यवहाराला दोन टोकं असतात. ज्याला दिलं त्याच्या नावे, ज्याच्याकडून आलं त्याच्या जमा. आता पेटीकडेही एक माणूस म्हणून बघा. एका काकूंनी २,००० रुपयांचा कर्जाचा हप्ता भरला. पैसे काकूंकडून आले, म्हणून काकूंच्या कर्जखात्याला २,००० जमा. ते आपण पेटीला सांभाळायला दिले, म्हणून पेटीच्या, म्हणजे रोकडीच्या, नावे २,०००. एक नावे, एक जमा, दोन्ही सारखे. वर्षभर असंच लिहिलं तर शेवटच्या बेरजा सारख्या येणारच. न आल्या तर कुठेतरी एक टोक लिहिलं गेलं आणि दुसरं राहिलं, किंवा चुकीच्या आकड्याने लिहिलं गेलं.

दुपारी मी त्या गटात पोचले. समाजमंदिराच्या ओट्यावर बाराही जणी बसलेल्या. गावात काय लपतं? कोषाध्यक्ष ताई एका कोपऱ्यात मान खाली घालून. कुणी उघड काही बोलत नव्हतं, पण कुजबुज होती. मी सगळ्यांसमोर पेटी उघडायला लावली, नोटा मोजायला लावल्या. १,२४०. पासबुक वाचायला लावलं. ३८,३६०. मग कुजबुज थांबली. तुमच्या गटात कधी असा फरक आला तर पहिलं काम हेच करा, आणि सगळ्यांसमोर करा. पेटी किंवा बँक जुळत नसेल तर तो वेगळा प्रश्न आहे, त्याचा शोध वेगळा. ती जुळत असेल तर पुढे चला.

त्यांची तेरीज अशी होती. लिहून घ्या.

नावे बाजू: रोकड १,२४०. बँक ३८,३६०. सभासदांकडून येणं अंतर्गत कर्ज ९६,०००. स्टेशनरी ४५०. प्रवासखर्च ८६०. बेरीज १,३६,९१०.

जमा बाजू: सभासदांची बचत ८६,४००. फिरता निधी १५,०००. मागील वर्षांचा वाढावा २१,३००. यंदाचं व्याज ११,९००. दंड ४००. बेरीज १,३५,०००.

नावे बाजू १,९१० रुपयांनी जास्त.

आधी आम्ही सोप्या जागा तपासल्या. बेरजा पुन्हा केल्या, एकदा वरून खाली, एकदा खालून वर. प्रत्येक पानाची बाकी तेरजेत बरोबर उतरली का ते पाहिलं. मागच्या वर्षीच्या बाक्या यंदाच्या पानांवर बरोबर आणल्या का ते पाहिलं. सगळं ठीक होतं. मग फरकाच्या आकड्याकडे बघायचं. यंदाच्या वहीत नेमका १,९१०चा व्यवहार आहे का? नव्हता. १,९१०चे निम्मे, ९५५ कुठे आहेत का? निम्मे कशासाठी? जमा लिहायचा आकडा चुकून नावे लिहिला, तर फरक दुप्पट येतो, म्हणून निम्मे शोधायचे. तेही नव्हते. तिसरी खूण मी नंतर सांगते, तीही तेव्हा लागू पडली नाही.

तोवर दिवस कलला. कागद तर दुसऱ्या दिवशी द्यायचे होते. अशा वेळी काय करायचं? तर खतावणीत एक नवं पान उघडायचं, त्याचं नाव सस्पेन्स खातं. जी बाजू कमी आहे, त्या बाजूला फरकाची रक्कम लिहायची. आमची जमा बाजू कमी होती, म्हणून लिहिलं: ३१ मार्च, सस्पेन्स खाते, जमा १,९१०, तपशील तेरजेतील फरक, शोध चालू. आता दोन्ही बेरजा १,३६,९१० झाल्या. ग्रामसंघाला तेरीज दिली, पण सस्पेन्स खात्याची ओळ उघड दिसेल अशीच दिली.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. सस्पेन्स खात्यात आपण जे लिहिलं, त्याला दुसरं टोक नाही. फक्त जमा १,९१० लिहिलं, नावे काहीच नाही. कारण वहीत आधीच एक टोक सुटलेलं आहे, आणि त्या सुटलेल्या टोकाच्या जागी आपण तात्पुरती खुंटी ठोकली आहे. खरं टोक सापडलं की खुंटी काढायची. खुंटी तिथेच राहिली तर ते जुळवणं नव्हे, झाकणं आहे.

एक वहिनी मला म्हणाल्या, "ताई, जमा बाजूलाच पाहिजेत ना? मग इतर उत्पन्न म्हणून १,९१० लिहून टाका, मिटलं." ऐकायला सोपं वाटतं. पण ते लिहिलं असतं तर काय झालं असतं, ते आता गोष्टीतच कळेल.

दुसऱ्या दिवशी आम्ही रोकडवही आणि खतावणी समोरासमोर ठेवली. सचिव वहिनी रोकडवहीतली एकेक ओळ मोठ्याने वाचत होत्या, कोषाध्यक्ष ताई खतावणीत त्या पानावर बोट ठेवत होत्या, आणि मिळालं की दोन्हीकडे लाल पेन्सिलीने बारीक खूण. एप्रिलपासून सुरुवात केली. हे काम एकटीने करू नये. जिच्या हाताने चूक झाली, तिच्या डोळ्यांना ती पुन्हा दिसत नाही.

जानेवारीच्या सभेवर आलो. त्या सभेत सात जणींनी कर्जाचे हप्ते भरले होते. रोकडवहीत तपशील आणि रक्कम यांच्यामध्ये एक अरुंद रकाना असतो, खातेपानाचा. खतावणीत चढवलं की त्या पानाचा नंबर तिथे लिहायचा. सात ओळींपैकी सहा ओळींना नंबर होता. सातव्या ओळीचा रकाना कोरा. ती ओळ रोकडवहीच्या पानाच्या अगदी तळाशी होती. वहिनींनी पान उलटलं आणि पुढच्या पानापासून चढवायला सुरुवात केली. तळाची ओळ राहून गेली.

ती ओळ होती एका काकूंची. कर्जाचा हप्ता २,०००.

सगळ्या एकदम काकूंकडे वळल्या. कारण मार्चच्या सभेत काय झालं होतं ते सगळ्यांना आठवलं. काकू म्हणाल्या होत्या, "माझं सहा हजारच राहिलंय." आणि वहीत आठ हजार दिसत होतं. तेव्हा त्यांना सगळ्यांनी गप्प केलं होतं. "काकू, वही खोटं बोलते का? तुमचाच काही घोळ झाला असेल." काकू अंगठा लावतात. त्यांनी पुढे वाद घातला नाही. त्यांच्या पासबुकात हप्ते सगळे लिहिलेले होते, पण बाकीचा रकाना कोरा होता, म्हणून पुरावा हातात असून त्यांना दाखवता येत नव्हता.

आता त्या व्यवहाराचं बघा. २,००० रुपये पेटीत आले, रोकडवहीत लिहिले, म्हणजे रोकडीच्या नावे ते चढले. पण काकूंच्या कर्जखात्याला जमा झालेच नाहीत. एकच टोक लिहिलं गेलं. म्हणून पेटी जुळते आणि तेरीज जुळत नाही. काकूंचं येणं २,०००ने जास्त दिसतं, म्हणून नावे बाजू फुगते.

इतर उत्पन्न म्हणून १,९१० लिहिले असते तर? तेरीज जुळली असती, वाढावा तेवढ्याने वाढला असता, आणि काकूंच्या डोक्यावर २,००० तसेच राहिले असते. काकूंनी ते पुन्हा भरले असते. गटाचं उत्पन्न म्हणून आपण जे मिरवलं असतं, ते काकूंचे पैसे असते. म्हणून त्या वहिनींनाच मी म्हटलं, आता सांगा, मिटलं असतं का? त्यांनी कान पकडले.

मग दुरुस्तीची नोंद. जुन्या जागेवर खाडाखोड करायची नाही, पांढरी शाई लावायची नाही, जानेवारीच्या दोन ओळींमध्ये बारीक अक्षरात घुसवायचं नाही. गटाची वर्षअखेर अजून बंद झाली नव्हती, म्हणून ३१ मार्चची नवी नोंद कीर्दीत केली:

सस्पेन्स खाते, नावे २,०००.
काकूंचे कर्जखाते, जमा २,०००.
तपशील: जानेवारीच्या सभेतील हप्ता रोकडवहीत लिहिला, खतावणीत चढवायचा राहिला होता, तो आता चढवला.

या नोंदीत रोकड कुठेही नाही, हे बघा. रोकड जानेवारीतच बरोबर लिहिली गेली होती. ती पुन्हा लिहिली तर वहीत २,००० रुपये जास्त दिसतील आणि पेटीत नसतील. जे टोक राहिलं तेवढंच लिहायचं, आणि दुसरं टोक सस्पेन्स खात्याला.

आता सस्पेन्स खात्याचं पान बघा. जमा १,९१० होते, नावे २,००० आले. म्हणजे खातं शून्य झालं नाही, उलटून नावे ९० झालं. कोषाध्यक्ष ताई पुन्हा घाबरल्या. "ताई, आता उलटं झालं!" मी म्हटलं, घाबरायचं नाही, हे चांगलं झालं. एकाच्या ऐवजी दोन चुका होत्या आणि त्या एकमेकींना थोडं झाकत होत्या. २,०००च्या चुकीतून ९०ची चूक वजा होऊन १,९१० दिसत होते. म्हणून तर १,९१० हा आकडा कुठेच सापडत नव्हता. सस्पेन्स खात्यात दिसतो तो सगळ्या चुकांचा मिळून उरलेला फरक असतो. एक चूक सापडली म्हणून तिथेच थांबायचं नसतं, खातं शून्य होईपर्यंत शोधायचं असतं. आणि शोधायचं थांबवून "राहू दे, नव्वदच तर आहेत" असंही म्हणायचं नाही. नव्वदच्या मागे कधी नऊ हजार अधिक आणि आठ हजार नऊशे दहा उणे असू शकतात.

आता ती राहिलेली तिसरी खूण. फरकातले आकडे एकमेकांत मिळवा. बेरीज नऊ किंवा नऊच्या पाढ्यातली आली, तर कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झाली असण्याची शक्यता असते. चोपन्नऐवजी पंचेचाळीस लिहिलं की नऊचा फरक पडतो. पाचशे चाळीसऐवजी चारशे पन्नास लिहिलं की नव्वदचा. आधीचा फरक १,९१० होता. एक अधिक नऊ अधिक एक, अकरा. म्हणून तेव्हा ही खूण लागू पडली नाही. आता ९०. नऊ अधिक शून्य, नऊ. ही नुसती खूण आहे, खात्री नव्हे. नव्वद रुपयांची एखादी ओळही राहिलेली असू शकते. पण शोध कुठून सुरू करायचा ते कळतं.

आणखी एक विचार केला. सस्पेन्स नावे ९० आहे, म्हणजे आपली नावे बाजू ९०ने कमी आहे. खर्चाचं एखादं पान कमी आकड्याने लिहिलं गेलं असेल. खर्चाची पानं दोनच, प्रवास आणि स्टेशनरी. स्टेशनरीच्या पानावर वर्षात एकच मोठी खरेदी होती, नव्या वह्या आणि पासबुकं. पावती काढली. पावतीवर ५४०. रोकडवहीत ५४०. खतावणीत ४५०. सापडलं.

नोंद केली:

स्टेशनरी खाते, नावे ९०.
सस्पेन्स खाते, जमा ९०.
तपशील: पावती ५४०ची, खतावणीत ४५० चढवले होते, राहिलेले ९० चढवले.

सस्पेन्स खातं आता काय? नावे बाजूला २,०००. जमा बाजूला १,९१० आणि ९०, म्हणजे २,०००. शून्य. त्या पानाखाली दोन रेघा मारल्या. पान मात्र फाडलं नाही, ते तसंच वहीत राहतं.

तेरीज पुन्हा मांडली. अंतर्गत कर्ज ९४,०००, स्टेशनरी ५४०. दोन्ही बेरजा १,३५,०००. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चहा आला.

पण मैत्रिणींनो, गोष्ट इथे संपली नाही. मी काकूंना विचारलं, "काकू, फेब्रुवारीत व्याज किती भरलं?" पासबुक बघितलं. १२० रुपये. त्या गटाचा दर शेकडा एक रुपया महिना. जानेवारीचा हप्ता भरल्यावर काकूंचं कर्ज खरं तर १०,००० राहिलं होतं, म्हणजे व्याज १०० व्हायला हवं होतं. पण वहीत १२,००० दिसत होतं, म्हणून १२० घेतले. मार्चमध्येही तसंच. खरी बाकी ८,०००, व्याज ८० पाहिजे, घेतले १००. दोन महिन्यांत मिळून काकूंकडून ४० रुपये जास्त घेतले गेले.

आणि हे चाळीस रुपये तेरजेत कुठेही दिसत नव्हते. का? कारण त्यांची दोन्ही टोकं लिहिली गेली होती. काकूंनी पैसे दिले, पेटीत आले, रोकडीच्या नावे चढले, व्याजखात्याला जमा झाले. नावे-जमा सारखं. तेरीज फक्त एवढंच सांगते की दोन्ही टोकं सारखी आहेत. टोक बरोबर खुंटीला बांधलं आहे की नाही, रक्कम मुळात न्यायाची आहे की नाही, हे तिला कळत नाही. एकीचा हप्ता दुसरीच्या पानावर चढवला तरी तेरीज जुळतेच.

म्हणून एकतर्फी चूक सापडली की स्वतःला एक प्रश्न विचारायचा: या चुकीच्या बाकीवरून पुढे आपण आणखी काही मोजलं का? कर्जाची बाकी चुकली असेल तर व्याज मोजलेलं असणारच.

त्या ४०ची दुरुस्ती सस्पेन्स खात्यातून करायची नाही. तिथे कुठलंही टोक सुटलेलं नव्हतं. ती थेट दोन खात्यांमध्ये होते. काकूंना विचारलं, रोख परत हवेत की कर्जात वळते करू? त्या म्हणाल्या, "कर्जातच घ्या, तेवढंच कमी." म्हणून:

व्याज खाते, नावे ४०.
काकूंचे कर्जखाते, जमा ४०.

काकूंची बाकी ५,९६० झाली. व्याज ११,८६० राहिलं. तेरीज दोन्हीकडे १,३४,९६०. जुळलेलीच होती आणि जुळलेलीच राहिली, फक्त आता खरी झाली.

तिन्ही दुरुस्त्या सभेत वाचून दाखवल्या, इतिवृत्तात लिहिल्या, अध्यक्ष, सचिव आणि कोषाध्यक्ष तिघींनी सह्या केल्या. ग्रामसंघाला सुधारलेली तेरीज दिली. आणि त्याच सभेत त्या सगळ्यांनी काकूंना म्हटलं, "काकू, तुमचं बरोबर होतं." काकू एवढंच म्हणाल्या, "मी काय म्हणत होते?"

काही जणींच्या मनात येईल, की वर्ष बंद झाल्यावर, ताळेबंद झाल्यावर चूक सापडली तर? तेव्हा सस्पेन्स खातं ताळेबंदात दाखवायचं. जमा बाकी असेल तर देण्यांच्या बाजूला, नावे असेल तर येण्यांच्या. पुढच्या वर्षी चूक सापडली की काकूंच्या हप्त्याची नोंद जशी सांगितली तशीच होते. पण स्टेशनरीचे ९० आणि व्याजाचे ४० हे गेल्या वर्षाचे. ते नव्या वर्षाच्या खर्चात आणि व्याजात घ्यायचे नाहीत, मागील वाढाव्याच्या खात्यातून वळते करायचे. नाहीतर या वर्षीचा नफा आपण मागच्या वर्षीच्या चुकीने कमी करतो.

त्या गटाने तेव्हापासून दोन गोष्टी सुरू केल्या. सभा संपण्याआधी रोकडवहीतला खातेपानाचा रकाना वरपासून खालपर्यंत बोट फिरवून बघायचा. एकही घर कोरं असेल तर सभा उठवायची नाही. आणि प्रत्येकीच्या कर्जाची बाकी मोठ्याने वाचायची, पासबुकात लिहायची, आणि तिला विचारायचं, बरोबर आहे का? जिला लिहिता-वाचता येत नाही, तिचीही बाकी तिच्या डोक्यात पक्की असते. काकूंच्या डोक्यात ती जानेवारीपासून बरोबर होती, वहीत मात्र एप्रिलमध्ये आली.

या महिन्याच्या तुमच्या सभेत रोकडवही काढा आणि तो अरुंद रकाना आधी बघा. नमस्कार.